ईमेलवर नाव नाही, पण मजकुरावर आहे

*मी बडोद्याजवळच्या एका लिस्टेड इंजिनीअरिंग कंपनीत १४ वर्षं स्टोअर्समध्ये आहे. महिन्याला तीन-चार भंगाराच्या गाड्या बाहेर जातात. मार्चपासून काही गाड्यांचं काट्याच्या पावतीवरचं वजन आणि बिलावरचं वजन जुळत नाही. दोनदा तर मोटारींच्या वाइंडिंगचं तांबं लोखंडी भंगाराखाली घालून गेलेलं मी स्वतः पाहिलं. गेट पासवर माझीही सही असते. जूनमध्ये चहा पिताना सीनियरला सहज बोललो, तर म्हणाला, "तुला काय करायचंय? वरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे." प्लँट हेडनीच मला परमनंट केलं. ते मराठीच, आईच्या ओळखीचे. एचआर हेडशी त्यांचा घरोबा आहे. कंपनीच्या वेबसाइटवर व्हिसलब्लोअर पॉलिसी आहे, तिच्यात "संपूर्ण गुप्तता" आणि "सूडापासून संरक्षण" असं लिहिलंय, पण तक्रारीसाठी पहिला पत्ता एचआरचाच आहे. बायको म्हणते, नवीन ईमेल उघड आणि नाव न घालता पाठव. मुलगी यंदा बारावीला आहे. नाव न देणंच सुरक्षित, बरोबर ना?*

*— एक वाचक, बडोदा*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा जूनमधल्या त्या चहापाशी थांबले. तुम्ही ते वाक्य ओघात लिहिलं आहे, पण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथंच आहे.

निनावी तक्रार वाचणाऱ्याच्या मनात सगळ्यात आधी काय येतं, ते मी जवळून पाहिलंय. तक्रार खरी की खोटी हे नंतर. आधी येतं ते, "हे कोणाला माहीत असू शकतं?" तुमच्या बाबतीत मोजून पाहा. काटा चालवणारा, गेटवरचा सिक्युरिटीवाला, डिस्पॅचचा क्लार्क, अकाउंट्समध्ये बिल काढणारा आणि स्टोअर्समधले तुम्ही. पाच जण. त्यांतले तांबं गाडीत चढताना यार्डात उभे असतील असे दोन किंवा तीन. आणि त्यांच्यापैकी ज्यानं याआधी तोंड उघडलं होतं असा एकच. ईमेल आयडी कितीही नवा असू दे, मजकुरावर तुमचं नाव लिहिलेलं आहे.

इथं "निनावी" आणि "गुप्त" हे दोन शब्द वेगळे करायला हवेत, कारण पॉलिसी वाचणारे बहुतेक जण ते एकच समजतात. निनावी म्हणजे तक्रार कोणाची हे कोणालाच ठाऊक नाही. गुप्त म्हणजे ते एकाला किंवा दोघांना ठाऊक आहे आणि त्यांनी ते पुढे जाऊ द्यायचं नाही. "संपूर्ण गुप्तता" हे वचन दुसऱ्या प्रकाराबद्दलचं आहे. पहिल्या प्रकारात वचन द्यायला समोर कोणी नसतंच.

खरी अडचण यापुढची आहे. समजा निनावी ईमेल गेला, लोकांनी तुमच्याकडे बोट दाखवलं आणि दोन महिन्यांनी तुमची बदली झाली. तुम्ही म्हणालात, हा सूड आहे. कंपनी विचारेल, कशाचा सूड? तक्रार तुम्ही केली होती? कागदावर तर ती कोणाचीच नाही. म्हणजे ज्यांना तुम्हाला त्रास द्यायचा आहे त्यांना तुम्ही कोण ते कळलेलं असतं आणि ज्यांनी तुमचं रक्षण करायचं त्यांना कळलेलं नसतं. निनावी तक्रारीत माणूस सापडतो तो असा.

निनावी तक्रार कधीच करू नये असं मी म्हणत नाही. जी गोष्ट पन्नास जणांना दिसते, जिचे कागद स्वतःच बोलतात, तिथं नाव न देता लिहिता येतं. काही कंपन्या बाहेरच्या संस्थेची हेल्पलाइन ठेवतात. तिथं तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक वापरून चौकशी करणारा तुम्हाला पुढचे प्रश्न विचारू शकतो. हे निनावी असूनही उपयोगी पडतं. पण पाच जणांच्या माहितीतली, आधी तोंडी बोललेली गोष्ट त्या जातीची नाही.

मग नाव देऊन तक्रार केली तर हातात काय येतं? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार प्रत्येक लिस्टेड कंपनीनं संचालक आणि कर्मचाऱ्यांना खरीखुरी शंका कळवता यावी अशी यंत्रणा ठेवायची असते. कायद्यात तिला व्हिजिल मेकॅनिझम म्हटलं आहे, कंपन्या तिलाच व्हिसलब्लोअर पॉलिसी म्हणतात. त्याच कलमाच्या १० व्या पोटकलमात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. ही यंत्रणा वापरणाऱ्याचा छळ होऊ नये म्हणून पुरेशी व्यवस्था हवी. आणि योग्य किंवा अपवादात्मक प्रकरणी तक्रारदाराला थेट ऑडिट कमिटीच्या, म्हणजे हिशेबांवर लक्ष ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीच्या, अध्यक्षांकडे जाता यायला हवं. तुमच्या पॉलिसीत पहिला पत्ता एचआरचा असला तरी तो एकमेव पत्ता नाही. ज्याच्याकडे तक्रार करायची त्याचाच संबंधितांशी घरोबा असणं हे थेट अध्यक्षांकडे जाण्याचं चोख कारण आहे आणि पत्रात ते एका वाक्यात लिहायला हरकत नाही.

गुप्तता कुठून फुटते, हे मी माझ्याच चुकीतून शिकले. मी १९ वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून काम केलं. एका कंपनीत असताना डिस्पॅचमधल्या एका माणसानं नाव देऊन तक्रार केली होती. त्याचं नाव मी कपाटात बंद ठेवलं, कोणालाही सांगितलं नाही. पण चौकशी करणाऱ्यानं प्लँटमध्ये जाऊन विचारलं, "११ तारखेच्या दुसऱ्या पाळीची फाइल द्या." त्या पाळीत डिस्पॅचला एकच माणूस होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या प्लँटला कळलं. नाव सांभाळलं, पण प्रश्न कसा विचारायचा हे मी त्याला समजावलं नव्हतं. त्या माणसानं मला कधी दोष दिला नाही, पण पुढची दोन वर्षं त्याच्याबरोबर कोणी जेवायला बसत नव्हतं. नंतरच्या प्रकरणांत आम्ही आधी सगळ्या विभागांचं वर्षभराचं रेकॉर्ड नेहमीच्या स्टॉक ऑडिटच्या नावानं मागवायचो आणि हवी ती गाडी त्यातून आमची आम्ही शोधायचो.

म्हणून तुमची तक्रार अशी लिहा, की चौकशी करणाऱ्याला असा अडाणी प्रश्न विचारण्याची वेळच येऊ नये.

आकडे मी उदाहरणादाखल घेते. एका गाडीचं भरलेलं वजन ११,४८० किलो, रिकामं ६,२४०. निव्वळ माल ५,२४० किलो. बिलावर मात्र ४,६१०. फरक ६३० किलोचा. तुमच्या मनात "चोरी" हा शब्द येईल. तो लिहू नका, कारण तुम्हाला बिलाची एकच प्रत दिसते. त्याच गाडीचं दुसरं बिल त्याच दिवशी निघालं असेल, ४,६१० किलो एका दरानं आणि ६३० किलो दुसऱ्या दरानं, तर स्टोअर्सला ते कळायचं कारण नाही. उलट तांब्याचं ते दुसरं बिल निघालंच नसेल, तर तो फरक केवळ वजनाचा राहत नाही, कारण तांब्याचा किलोचा भाव लोखंडाच्या कित्येक पट असतो. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून फक्त एवढंच लिहा: "अमुक ते अमुक महिन्यांतल्या भंगार-विक्रीत काट्याची नोंद आणि बिलाचं वजन अनेक गाड्यांत जुळत नाही. एकाच गाडीवर मिश्र माल असूनही सगळा माल लोखंडी म्हणून गेला असण्याची शंका आहे."

त्यानंतर पुरावा कुठे सापडेल ते सांगा. तुम्ही चौकशी अधिकारी नाही. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, तो कोणत्या कपाटात आहे हे सांगणं तुमचं काम आहे. काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक वजनाची तारीख-वेळेसह नोंद असते. गेटचं रजिस्टर असतं. बिलावर मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड असतो. लोखंडी भंगाराचा ७२०४ आणि तांब्याच्या भंगाराचा ७४०४. तुमची कंपनी मोटारींचं वाइंडिंग करते आणि वर्षभरात ७४०४ चं एकही बिल नाही, तर ते एवढ्यावरूनच दिसून येईल. कोणाच्या साक्षीची गरज नाही. आणखी एक जागा सहसा कोणी बघत नाही, ती म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. एकाच नंबरची गाडी दर फेरीला रिकामी साधारण तेवढीच भरायला हवी, डिझेलचा काय तो थोडा फरक. ती कधी ६,२४० आणि कधी ६,७०० भरत असेल, तर रिकामं वजन फुगवून माल कमी दाखवला जातोय का, हे बघायला हवं. "गाडी-नंबरवार वर्षभराची रिकामी वजनं एकाखाली एक लावून पाहा," एवढं वाक्य लिहिलंत तरी अनुभवी ऑडिटरला पुरे.

यात तुमच्या लक्षात आलं असेल, की हे सगळं वर्षभराचं आणि सगळ्या गाड्यांचं मागितलेलं आहे. तुमच्या पाळीचा उल्लेख नाही, यार्डात तुम्ही काय पाहिलंत ते नाही, सीनियर काय म्हणाला तेही नाही. ते सगळं सोबतच्या पत्रात.

कारण तक्रार दोन कागदांवर लिहायची. एक मुख्य तक्रार, तिच्यावर नाव नाही, सही नाही. दुसरं सोबतचं पत्र: त्यात तुमचं नाव, हुद्दा, संपर्क, तुम्ही स्वतः काय पाहिलंत आणि "माझी ओळख आपल्यापुरतीच ठेवावी, चौकशी करणाऱ्याला फक्त मुख्य तक्रार द्यावी" ही विनंती. अनेक कंपन्यांच्या पॉलिसीत ही पद्धत शब्दशः लिहिलेली असते: अध्यक्षांनी सोबतचं पत्र काढून ठेवायचं आणि उरलेली तक्रार पुढे द्यायची. तुमच्या पॉलिसीत नसली तरी तुम्ही तशीच पाठवा. जूनमध्ये सीनियरला बोललात हेही या पत्रात तारखेच्या अंदाजासह सांगा. पुढे तुमची ओळख कोणाला कळली, तर ती त्या चहामुळे की चौकशीतून फुटली, हे त्यांना कळायला हवं.

कागद मात्र कंपनीतून आणू नका. गेट पासचे फोटो काढून स्वतःच्या जीमेलवर पाठवणं हा माणसांच्या हातून होणारा सगळ्यात मोठा घोटाळा. तक्रार बाजूला राहते आणि "कंपनीची माहिती बाहेर नेली" म्हणून मेमो तुमच्याच हातात पडतो. गाडीचा नंबर, पावतीचा क्रमांक, तारीख घरी वहीत लिहून ठेवा. तक्रार घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हातानं लिहा, ऑफिसच्या मशीनवर किंवा वायफायवर नको. वर्ड फाइल पाठवणार असाल तर फाइल बनवणाऱ्याचं नाव तिच्या आत राहतं, हे लक्षात ठेवा.

आता पत्ता. लिस्टेड कंपनीच्या ऑडिट कमिटीत किमान तीन संचालक असतात, त्यांतले दोनतृतीयांश स्वतंत्र संचालक, आणि अध्यक्ष स्वतंत्र संचालकच असावा लागतो. म्हणजे प्लँट हेडच्या हाताखालचा किंवा वरचा कोणी नोकरदार अधिकारी तिथं अध्यक्ष नसतो. त्यांचं नाव कंपनीच्या वार्षिक अहवालात, कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या भागात छापलेलं असतं. त्याच भागात कोणालाही ऑडिट कमिटीपर्यंत जाण्यापासून रोखलेलं नाही, असं कंपनीला लिहावं लागतं. ते पान उघडून वाचाच.

आपल्या बडोद्यातली एक अडचण सांगते. इथल्या अनेक कंपन्यांचं रजिस्टर्ड ऑफिस प्लँटच्याच आवारात असतं. म्हणजे अध्यक्षांच्या नावानं पाठवलेलं पाकीट तुमच्याच गेटमधून आत येतं आणि इनवर्डला कोणीतरी फोडतं. पॉलिसीत अध्यक्षांचा स्वतंत्र ईमेल असेल तर तो वापरा, पण "एथिक्स" नावाचा सामाईक ईमेल कोण उघडतं, हे पॉलिसीत लिहिलेलं नसेल तर त्यावर विसंबू नका. टपालानं पाठवायचं तर पाकिटात पाकीट. आतल्यावर ठळक लिहा: "गोपनीय. फक्त अध्यक्ष, ऑडिट कमिटी यांनी उघडावे." बाहेरच्यावर तुमचं नाव-पत्ता शक्यतो नको. मकरपुऱ्याच्या पोस्टात ओळखीचे भेटण्यापेक्षा रावपुऱ्यातून स्पीड पोस्ट करा आणि पावती वहीत चिकटवून ठेवा. त्या पावतीवरची तारीख पुढे फार कामाची आहे.

कामाची का, ते सूडाच्या भागात येतं. सूड बहुधा थेट काढून टाकण्यातून घेतला जात नाही. पाळी बदलते. ओव्हरटाइम बंद होतो. दहेजच्या साइटवर "तात्पुरती" बदली होते. आणि सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे तीन वर्षांपूर्वीची तुमची एखादी जीआरएनमधली, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदीतली, चूक अचानक कोणालातरी आठवते आणि मेमो येतो. प्रत्येक वेळी कारण वेगळं आणि वरवर योग्य दिसणारं असतं. म्हणून ऑडिट कमिटी तीन गोष्टी पाहते: निर्णय घेणाऱ्याला तक्रारीची कल्पना होती का, तो निर्णय तक्रारीच्या तारखेआधी ठरलेला होता का, आणि तुमच्यासारख्याच इतरांना तशीच वागणूक मिळाली का. चार जणांची बदली झाली आणि त्यांत तुम्ही एक, तर सूड म्हणणं अवघड. तुमची एकट्याची झाली आणि तक्रारीच्या आधी तिचा कुठेही उल्लेख नव्हता, तर ती कंपनीला समजावून सांगावी लागेल.

या तुलनेला आधार लागतो आणि तो तक्रार करण्याआधी तयार ठेवायचा असतो. गेल्या तीन वर्षांची अप्रेजलची पत्रं, पगारवाढीची पत्रं, कोणी लेखी कौतुक केलं असेल तर ते. हे तुमचेच कागद आहेत, ते घरी असण्यात काही गैर नाही. तक्रारीनंतर वहीत रोज नाही, पण काही घडलं की त्याच दिवशी तारखेनिशी दोन ओळी: काय घडलं, कोण काय म्हणालं, समोर कोण होतं. आणि पहिली खटकणारी गोष्ट घडली, की आठवड्याच्या आत त्याच अध्यक्षांना वेगळं पत्र. "सूडाची शंका" हीसुद्धा स्वतंत्र तक्रार असते. सहा महिने सोसून एकदम दहा गोष्टी सांगितल्या, की ऐकणाऱ्याला ती नाराजी वाटते.

या संरक्षणाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कलम १७७ "पुरेशी व्यवस्था" ठेवा म्हणतं, पण सूड घेणाऱ्या साहेबाला अमुक शिक्षा, असं त्यात लिहिलेलं नाही. २०१४ साली संसदेनं व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन कायदा मंजूर केला खरा, पण तो सरकारी सेवकांच्या भ्रष्टाचाराबद्दलचा आहे आणि आजवर अंमलातच आणलेला नाही. खासगी कंपनीतल्या माणसाचं संरक्षण शेवटी ऑडिट कमिटी किती जागी आहे यावर ठरतं. बदली ती थांबवू शकते, मेमो मागे घ्यायला लावू शकते. जेवणाच्या टेबलावरचा अबोला तिला थांबवता येत नाही. त्याची तयारी तुम्हाला आणि घरच्यांना ठेवावी लागेल.

मग काहीच करू नये? हा पर्यायही तुमच्या मनात असणार, आणि मुलगी बारावीला असताना तो यावा यात लाजण्यासारखं काही नाही. पण गप्प राहणं सुरक्षित आहे, हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच दिलंय. गेट पासवर तुमची सही आहे. आज ना उद्या एखादा ऑडिटर ती वजनं जुळवेल तेव्हा त्याच्यासमोर सगळ्यात आधी येणारा कागद गेट पास असेल. त्या दिवशी "मला दिसलं होतं, पण बोललो नाही" हे वाक्य "मी अमुक तारखेला कळवलं होतं" या वाक्याच्या जागी घालून पाहा. म्हणून, काहीही ठरवायला वेळ लागणार असेल, तरी आजपासून एक करा: जिथं मिश्र माल दिसतो त्या गाडीच्या गेट पासवर मालाचं वर्णन तुम्ही जे पाहिलंत तेच लिहा, किंवा सही करू नका आणि कारण लेखी विचारा. तक्रार नंतरची गोष्ट. चुकीच्या वर्णनाखाली पुढची सही नको.

प्लँट हेडबद्दल. "वरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे," हे तुमच्या सीनियरचं म्हणणं आहे. तुम्हाला गप्प बसवण्यासाठी माणूस असं म्हणतोच. प्लँट हेडना यातलं काही ठाऊक आहे असं तुमच्या पत्रातल्या एकाही गोष्टीवरून दिसत नाही. म्हणून त्यांचं नाव तक्रारीत नको, ना आरोपी म्हणून ना साक्षीदार म्हणून. ते निर्दोष असतील तर चौकशी त्यांना वाचवेल, कारण त्यांच्या प्लँटमधून माल जातोय आणि त्यांना कोणी सांगत नाहीये. आधी त्यांनाच जाऊन सांगावं, असंही तुम्हाला वाटत असेल. त्यांचे उपकार आहेत, आईची ओळख आहे. मी तसं करणार नाही. ते गुंतलेले असतील तर सगळं झाकायला वेळ मिळतो. नसतील, तर ते भल्या मनानं एचआरला फोन करतील आणि तुमचं नाव त्या एका फोनमध्ये जाईल.

आईला आत्ताच काही सांगू नका. मायेनं का होईना, दांडिया बाजारात सकाळी बोललेलं संध्याकाळी मांडवीला पोचतं. बायकोला सगळं सांगा, वहीसुद्धा दाखवा. ती कुठे ठेवली आहे हे घरात आणखी एका माणसाला ठाऊक असावं.

तुमच्यासारखीच पत्रं मला इतर ठिकाणांहूनही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. कंपनी लिस्टेड नसेल, पण तिनं लोकांकडून ठेवी घेतल्या असतील किंवा बँका आणि वित्तीय संस्थांकडून ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज घेतलं असेल, तर ही यंत्रणा तिलाही बंधनकारक आहे. तिथं ऑडिट कमिटी नसेल तर संचालक मंडळानं नेमलेला एक संचालक ते काम करतो. त्याहून लहान कंपनीत कायद्यानं काही बंधन नाही, तिथं मालकापर्यंत पोचणारी वाट शोधावी लागते. सरकारी रिफायनरी, रेल्वे किंवा सरकारी बँकेतल्या माणसासाठी रस्ता वेगळा आहे: केंद्रीय दक्षता आयोगाकडे पीआयडीपीआय, म्हणजे जनहितासाठी माहिती उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या ठरावाखाली तक्रार. पाकिटावर तसं लिहायचं, पाकिटावर नाव नाही, नाव आतल्या पत्रात. तिथं निनावी तक्रार घेतच नाहीत. तो ठराव आला २००४ साली. त्याआधी महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे इंजिनीअर सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती, तरी त्यांचं पत्र खात्याखात्यांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांची हत्या झाली. सीबीआयनं लूटमार हे कारण दिलं, पण पत्र फिरलं हे खरं राहतंच. आणि लैंगिक छळाची तक्रार या कुठल्याच वाटेनं न्यायची नाही. तिच्यासाठी कंपनीतली अंतर्गत समिती असते आणि तक्रार करण्याची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे, ती चुकवू नये.

पुन्हा तुमच्याकडे येते. "खोटी तक्रार केल्यास कारवाई" हे पॉलिसीतलं वाक्य वाचून माणसं घाबरतात. नियमात कारवाई आहे ती वारंवार केलेल्या उथळ तक्रारींवर. वजनं जुळत नाहीत असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत आणि उद्या दुसरं बिल सापडलं, तर तुम्ही खोटे ठरत नाही. म्हणून तर "चोरी" न लिहिता "जुळत नाही" लिहायचं.

पत्र गेल्यावर पॉलिसीत जी मुदत दिली असेल ती वहीत लिहा. ती उलटून आठवडा झाला आणि पोचसुद्धा आली नाही, तर त्याच अध्यक्षांना आधीच्या स्पीड पोस्टच्या तारखेचा उल्लेख करून एक ओळीचं पत्र. त्यानंतरही शांतता असेल, तर तिसरं पत्र कंपनीच्या स्टॅच्युटरी ऑडिटरना, म्हणजे कायद्यानं नेमलेल्या बाहेरच्या हिशेब तपासनिसांना. त्यांचं नावही वार्षिक अहवालात असतं. वर्षभरात आलेल्या व्हिसलब्लोअर तक्रारी विचारात घेतल्या का, हे त्यांना आपल्या अहवालात सांगावं लागतं, त्यामुळे तारखेनिशी पोचलेली तक्रार त्यांना दुर्लक्षून चालत नाही. तिथं मात्र सोबतचं पत्र जोडू नका, फक्त मुख्य तक्रार आणि पहिल्या दोन पत्रांच्या तारखा. चौकशीला कोणी बोलावलं, तर सगळ्यांबरोबर बोलावलंय की एकट्याला, हे आधी पाहा. एकट्याला बोलावलं असेल तर आत जाण्याआधी अध्यक्षांना कळवा.